साठ मिलिव्होल्टचा हिशेब

डिप्लोमाला किंवा इंजिनीअरिंगला इलेक्ट्रॉनिक्सचं प्रॅक्टिकल केलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातून ७४१ नावाची आठ पायांची काळी आयसी गेलेली असते. १९६८ साली अमेरिकेत फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर या कंपनीत डेव्ह फुलगार यांनी तिचा आराखडा केला. लहान सिग्नल मोठा करणं, दोन सिग्नलांची बेरीज-वजाबाकी करणं अशी कामं ती करते, आणि अजूनही बाजारात सहज मिळते. तिच्या आत वीसेक ट्रान्झिस्टर आहेत. त्यांतल्या दोघांची जोडी चिपच्या एका कोपऱ्यात जे काम करते, त्याबद्दल हा लेख आहे.

आयसीला अधिक पंधरा आणि उणे पंधरा व्होल्टचा पुरवठा दिला, की या जोडीतल्या पहिल्या ट्रान्झिस्टरमधून सुमारे ०.७३ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. दुसऱ्यातून वाहतो १९ मायक्रोअँपिअर, म्हणजे पहिल्याच्या साधारण अडतिसाव्या हिश्शाइतका. दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच जातीचे आहेत आणि दोघांचे बेस एकमेकांना जोडलेले आहेत. फरक इतकाच, की दुसऱ्याच्या एमिटरखाली ५ किलोओहमचा एक रेझिस्टर आहे. एवढ्याशा रेझिस्टरने प्रवाह इतका खाली कसा येतो आणि खाली येऊन तिथेच स्थिर कसा राहतो, हे उलगडायला फार गणित लागत नाही. एका वजाबाकीत ते बसतं.

इतका कमी प्रवाह कशासाठी?

आधी हा १९ मायक्रोअँपिअर लागतो कुठे ते पाहू. ७४१ च्या तोंडाशी ट्रान्झिस्टरची एक जोडी आहे. बाहेरून येणारा सिग्नल तिच्याच बेसवर येतो. हा १९ मायक्रोअँपिअर त्या जोडीचा एकूण प्रवाह ठरवतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साडेनऊ येतो. ट्रान्झिस्टर चालायचा तर त्याच्या बेसलाही थोडा प्रवाह द्यावा लागतो. मुख्य प्रवाहाच्या दोनशेव्या भागाइतका तो धरला, तर इथे तो ५० नॅनोअँपिअरच्या आसपास येतो. हा प्रवाह आयसी स्वतः निर्माण करत नाही. तुम्ही जोडलेल्या सर्किटमधूनच ती तो ओढते.

समजा, सिग्नल १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून येतो आहे. ५० नॅनोअँपिअरमुळे त्यावर ५ मिलिव्होल्टची चूक पडेल. ती बहुतेक वेळा चालवून घेता येते. पण तोंडाशी १९ मायक्रोअँपिअरऐवजी ०.७३ मिलिअँपिअर सोडला असता, तर बेसचा प्रवाह दोन मायक्रोअँपिअरच्या जवळ गेला असता आणि चूक झाली असती ०.२ व्होल्टच्या जवळपास. अशी आयसी कोणी विकत घेतली नसती. म्हणून तोंडाशी प्रवाह कमी हवा. आयसीच्या शेवटच्या टप्प्याला मात्र बाहेरचा भार ओढायचा असतो, त्यामुळे तिथे जास्त प्रवाह लागतो. दोन्ही गरजा एकाच ठिकाणाहून भागवायच्या होत्या.

साधा करंट मिरर आणि चिपवरची जागा

आयसीमध्ये एकाच प्रवाहाच्या प्रती काढायची जी पद्धत आहे, तिला करंट मिरर म्हणतात. पहिल्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर आणि बेस एकत्र जोडायचे आणि एका रेझिस्टरमधून त्यात प्रवाह सोडायचा. त्या प्रवाहासाठी बेस आणि एमिटर यांच्यामध्ये जितकं व्होल्टेज लागतं, तितकं ट्रान्झिस्टर स्वतःच धरून बसतो. सिलिकॉनमध्ये ते ०.६ ते ०.७ व्होल्टच्या दरम्यान असतं. आता दुसऱ्या, तंतोतंत तशाच ट्रान्झिस्टरचा बेस पहिल्याच्या बेसला आणि एमिटर एमिटरला जोडा. त्यालाही तेवढंच व्होल्टेज मिळतं, म्हणून त्याच्यातूनही तेवढाच प्रवाह वाहतो. एकाच चिपवर, एकाच भट्टीतून, शेजारीशेजारी घडलेले ट्रान्झिस्टर इतके सारखे असतात, की ही नक्कल एक-दोन टक्क्यांच्या फरकाने बरोबर उतरते.

या पद्धतीने १९ मायक्रोअँपिअर मिळवायचा, तर मूळ प्रवाहही १९ मायक्रोअँपिअर ठेवावा लागेल. पुरवठा एकूण ३० व्होल्टचा. वाटेत दोन ट्रान्झिस्टरवर मिळून सुमारे १.४ व्होल्ट खर्ची पडतात. उरलेले २८.६ व्होल्ट रेझिस्टरने झेलायचे, म्हणून तो हवा १५ लाख ओहमचा. ब्रेडबोर्डवर काम करणाऱ्याला यात काही वावगं वाटणार नाही. दुकानात १५ लाख ओहमचा आणि ५ हजार ओहमचा रेझिस्टर एकाच भावाने मिळतो, आकारही एकच.

चिपवर तसं नसतं. तिथे रेझिस्टर म्हणजे सिलिकॉनमध्ये अशुद्धी मिसळून काढलेली अरुंद पट्टी. पट्टीची रुंदी आणि खोली ठरली, की तिचा रोध फक्त लांबीवर अवलंबून राहतो. त्या काळच्या प्रक्रियेत पट्टीच्या प्रत्येक चौरस तुकड्याला साधारण १०० ते २०० ओहम मिळत. २०० धरू. १५ लाख ओहमसाठी असे साडेसात हजार चौरस एकापुढे एक लागतील. पट्टी १० मायक्रोमीटर रुंद ठेवली, तरी लांबी भरते ७५ मिलिमीटर. ७४१ ची चिप मात्र बाजूला दीडेक मिलिमीटर. पट्टी नागमोडी दुमडली आणि मधल्या अंतरासकट २० मायक्रोमीटर रुंदी धरली, तर एकट्या रेझिस्टरला दीड चौरस मिलिमीटर जागा लागते. चिपचा बराच मोठा भाग त्यातच संपला.

दुसरा मार्ग म्हणजे ट्रान्झिस्टर लहानमोठे करणं. पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या अडतीसपट केला, तर प्रवाहाचं गुणोत्तरही अडतीस होईल. पण एवढा मोठा ट्रान्झिस्टरही जागा खातोच.

वजाबाकी

फेअरचाइल्डमध्येच काम करणाऱ्या बॉब वाइडलर यांनी १९६५ साली या अडचणीवरचा तोडगा पेटंटसाठी दाखल केला. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या ७०९ या आयसीत तो वापरलेला होता. पेटंट १९६७ मध्ये मंजूर झालं. तोवर वाइडलर नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये गेलेही होते. या सर्किटला आज सगळीकडे वाइडलर करंट सोर्स म्हणतात. करंट मिररमधल्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरखाली त्यांनी एक रेझिस्टर घातला, आणि तोडगा तेवढाच होता.

तो समजून घ्यायला ट्रान्झिस्टरचा एक स्वभाव माहीत हवा. बेस-एमिटर व्होल्टेज थोडंसं वाढवलं, की प्रवाह पटीत वाढतो. नेहमीच्या तापमानाला ६० मिलिव्होल्ट वाढवले, की प्रवाह दहापट होतो. आणखी ६० वाढवले, की शंभरपट. उलट बाजूने पाहिलं, तर प्रवाह दहावा हिस्सा करायचा असेल तेव्हा व्होल्टेज फक्त ६० मिलिव्होल्टने कमी करावं लागतं. मूळ व्होल्टेज ६५० मिलिव्होल्ट असो की ६८०, त्याने फरक पडत नाही. हे नातं चार-पाच दशकी पट्ट्यांपर्यंत, म्हणजे प्रवाह दहा हजार ते लाख पटींनी बदलला तरी, फार चांगलं टिकतं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये इतका पक्का नियम क्वचितच हाती लागतो.

आता दोन ट्रान्झिस्टर बघा. दोघांचे बेस एकत्र आहेत, म्हणून दोघांच्या बेसला व्होल्टेज एकच. पहिल्याचा एमिटर सरळ खालच्या तारेला जोडलेला आहे, त्यामुळे ते सगळं व्होल्टेज त्याच्या एकट्याच्या वाट्याला येतं. दुसऱ्याला त्यातला काही भाग एमिटरखालच्या रेझिस्टरला द्यावा लागतो. म्हणजे पहिल्याचं बेस-एमिटर व्होल्टेज उणे दुसऱ्याचं बेस-एमिटर व्होल्टेज, जे उरेल ते रेझिस्टरवर.

```
VBE1 - VBE2 = I2 × R
```

डाव्या बाजूचा फरक किती असेल, ते साठ मिलिव्होल्टचा नियम सांगतो. पहिल्यातला प्रवाह दुसऱ्याच्या दहापट असेल तर ६०, शंभरपट असेल तर १२०. मधल्या आकड्यांसाठी हाच नियम लॉगरिदमच्या भाषेत लिहायचा:

```
VT × ln(I1 / I2) = I2 × R
```

इथे VT म्हणजे तापमानावर ठरणारं एक लहान व्होल्टेज. साधारण २८-२९ अंश सेल्सिअसला ते २६ मिलिव्होल्ट असतं. २६ ला १० च्या नैसर्गिक लॉगने, म्हणजे २.३ ने गुणलं, की आपले ६० मिलिव्होल्ट मिळतात.

या समीकरणात जे नाही, तेही बघण्यासारखं आहे. सिलिकॉनमध्ये अशुद्धी किती मिसळली, बेसचा थर किती जाड झाला, एमिटर किती मोठा घेतला, यांतलं काहीच त्यात नाही. एकट्या ट्रान्झिस्टरचं व्होल्टेज या सगळ्यांवर अवलंबून असतं, आणि कारखान्यातल्या एका घाण्यातून दुसऱ्या घाण्यात ते बदलतं. पण दोन सारख्या ट्रान्झिस्टरची वजाबाकी केली, की दोघांतही सारखं असलेलं ते सगळं एकमेकांना छेदून जातं. उरतं फक्त प्रवाहांचं गुणोत्तर आणि तापमान.

७४१ चे आकडे

आता हे ७४१ वर लावू. तिच्यातला मूळ रेझिस्टर आहे ३९ किलोओहमचा. २८.६ व्होल्टला ३९ हजारांनी भागलं, की ७३३ मायक्रोअँपिअर येतात. हा पहिल्या ट्रान्झिस्टरचा प्रवाह. दुसऱ्याच्या एमिटरखाली ५ किलोओहम आहेत. दुसऱ्याचा प्रवाह किती?

अडचण अशी, की तो समीकरणाच्या दोन्ही बाजूंना आहे, एकदा लॉगच्या पोटात आणि एकदा बाहेर. बीजगणिताने तो सरळ बाहेर काढता येत नाही. म्हणून अंदाज धरायचा आणि सुधारत जायचं. २० मायक्रोअँपिअर धरू. ७३३ भागिले २० म्हणजे ३६.६५, त्याचा लॉग ३.६०. गुणिले २६, म्हणजे ९३.६ मिलिव्होल्ट. त्याला ५ किलोओहमने भागलं, की १८.७ मायक्रोअँपिअर. अंदाज थोडा जास्त होता. आता १८.७ धरून तेच पुन्हा करू: लॉग ३.६७, व्होल्टेज ९५.४, प्रवाह १९.१. आणखी एक फेरी केली, की आकडा १९ वर येऊन थांबतो. साधा कॅल्क्युलेटर हाताशी असला, तर दोन मिनिटांचं काम.

५ किलोओहमचा रेझिस्टर पूर्ण ३० व्होल्ट झेलत नाही. त्याच्यावर फक्त ९५ मिलिव्होल्ट आहेत, म्हणून तो इतका लहान पुरतो. मघाच्या मापाने त्याला २५ चौरस लागतात, म्हणजे पाव मिलिमीटर पट्टी. ३९ किलोओहमची पट्टी दोन मिलिमीटरच्या आत बसते. ७५ मिलिमीटरचं काम सव्वादोन मिलिमीटरमध्ये उरकलं.

हा १९ मायक्रोअँपिअर आयसीच्या बाहेरही दिसतो. ७४१ च्या आत ३० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर आहे. आयसी अस्थिर होऊन आपोआप थरथरू नये म्हणून तो घातलेला आहे. आउटपुट वर-खाली व्हायचं तर आधी हा कपॅसिटर भरावा किंवा रिकामा करावा लागतो, आणि त्यासाठी जास्तीत जास्त प्रवाह मिळतो तो तोंडाशी सोडलेला १९ मायक्रोअँपिअरच. १९ मायक्रोअँपिअरला ३० पिकोफॅरडने भागलं, की मायक्रोसेकंदाला ०.६३ व्होल्ट हा वेग येतो. डेटाशीटमध्ये ०.५ लिहिलेला असतो. प्रॅक्टिकलला चौकोनी लहर दिल्यावर सीआरओवर तिच्या कडा तिरक्या दिसतात आणि जर्नलमध्ये ‘स्ल्यू रेट’ म्हणून एक आकडा लिहिला जातो. तो आकडा ठरवणारी दोन कारणं हीच: हा कपॅसिटर, आणि पाच किलोओहमच्या रेझिस्टरने ठरवलेला प्रवाह.

पुरवठा निम्मा केला तर

कमी जागेत कमी प्रवाह मिळाला, हा झाला एक फायदा. दुसरा फायदा लॉगमुळे आपसूक मिळतो. समजा, पुरवठा ३० व्होल्टवरून १५ व्होल्ट केला. मूळ प्रवाह होईल १३.६ व्होल्ट भागिले ३९ किलोओहम, म्हणजे ३४९ मायक्रोअँपिअर. तो निम्म्याहून खाली आला. दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा प्रवाह पुन्हा त्याच रीतीने काढला, तर तो १६ मायक्रोअँपिअर येतो. मूळ प्रवाह ५२ टक्क्यांनी पडला, पण हा १६ टक्क्यांनीच.

कारण सरळ आहे. मूळ प्रवाह निम्मा झाला, की पहिल्याचं बेस-एमिटर व्होल्टेज १८-१९ मिलिव्होल्टने उतरतं. ही उतरंड रेझिस्टर आणि दुसरा ट्रान्झिस्टर वाटून घेतात, आणि रेझिस्टरवर ९५ मिलिव्होल्ट असल्यामुळे मोठा वाटा त्याच्या पदरात पडतो. लहान बदलांपुरता नियम असा: मूळ प्रवाहातल्या टक्केवारीला १ अधिक (रेझिस्टरवरचं व्होल्टेज भागिले २६ मिलिव्होल्ट) याने भागायचं. इथे तो भाजक ४.६५ आहे. मूळ प्रवाहात १० टक्के चढउतार झाला, तर इकडे दोन टक्क्यांच्या आसपास पोहोचतो.

याच रेझिस्टरमुळे आणखी एक गोष्ट साधते. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचं व्होल्टेज वाढलं, की त्याचा प्रवाहही थोडा वाढू पाहतो. हा ट्रान्झिस्टरचा दोषच आहे. पण प्रवाह वाढला, की रेझिस्टरवरचं व्होल्टेज वाढतं आणि तेवढ्याने ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज कमी होतं. म्हणजे वाढ स्वतःलाच आवरते. त्यामुळे साध्या करंट मिररच्या तुलनेत इथला प्रवाह कलेक्टरच्या बाजूने साडेचारपटीहून थोडा अधिक ताठ राहतो.

ब्रेडबोर्डवर करून बघायचं तर

हे घरी करून बघता येतं. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर चिल्लरमध्ये मिळतो. दोन ट्रान्झिस्टर, १० किलोओहम, ४.७ किलोओहम आणि १०० किलोओहमचे रेझिस्टर आणि ९ व्होल्टची बॅटरी घ्या. पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस आणि कलेक्टर जोडून बॅटरीच्या अधिक टोकाकडून १० किलोओहममधून त्याला प्रवाह द्या. त्याचा एमिटर बॅटरीच्या उणे टोकाला. दुसऱ्याचा बेस पहिल्याच्या बेसला, एमिटर ४.७ किलोओहममधून उणे टोकाला, आणि कलेक्टर १०० किलोओहममधून अधिक टोकाला.

मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावून ४.७ किलोओहमच्या दोन टोकांमध्ये धरा. हिशेबाने मूळ प्रवाह ८३५ मायक्रोअँपिअर येतो आणि दुसरा २०.५, म्हणून मीटरवर ९६ मिलिव्होल्टच्या आसपास आकडा दिसायला हवा. बॅटरीऐवजी ६ व्होल्ट दिले, तर हिशेबाने प्रवाह १८.६ वर येतो आणि मीटरवर ८७ मिलिव्होल्ट. पुरवठा तिसऱ्या हिश्श्याने घटला, तरी हा आकडा दहाव्या हिश्श्यानेही हलला नाही.

बहुधा पहिला आकडा ९६ येणार नाही. ९१ येईल किंवा १०० येईल. कारण पाकिटातून काढलेले दोन ट्रान्झिस्टर जुळे नसतात. त्यांच्या बेस-एमिटर व्होल्टेजमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असतोच. फरक ५ मिलिव्होल्टचा असला, तर इथे प्रवाह चार टक्क्यांनी हलतो. रेझिस्टर नसलेल्या साध्या मिररमध्ये तोच फरक वीस टक्क्यांहून जास्त भोवला असता. दोष जुळण्यातच आहे का, हे तपासायची सोपी युक्ती म्हणजे दोन्ही ट्रान्झिस्टर आपापसात बदलायचे. आधी आकडा हिशेबापेक्षा चार मिलिव्होल्टने कमी होता आणि आता तेवढ्यानेच जास्त आला, तर जोडणी बरोबर आहे आणि फरक ट्रान्झिस्टरमध्ये आहे. दोन्ही वेळा आकडा एकाच बाजूला झुकत असेल, तर रेझिस्टर किंवा पुरवठा तपासा.

मग मीटर तसंच लावून ठेवा आणि दुसरा ट्रान्झिस्टर चिमटीत धरा. आकडा चढायला लागेल. तो सोडून पहिला धरा, आकडा उतरेल. ठरावीक प्रवाहासाठी लागणारं बेस-एमिटर व्होल्टेज अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने कमी होतं. बोटाच्या उबेने एकच ट्रान्झिस्टर पाच अंशांनी तापला, तरी वजाबाकीत १० मिलिव्होल्टची गडबड होते. वजाबाकी नेमकी हवी असेल, तर दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच तापमानाला असायला हवेत. चिपवर ते अगदी शेजारीशेजारी असतात, म्हणून तिथे हा प्रश्न जवळपास येत नाही. सुटे ट्रान्झिस्टर वापरायचेच, तर त्यांच्या सपाट बाजू एकमेकींना चिकटवून वर नळी चढवावी. याहून चांगलं म्हणजे एकाच चिपवर पाच ट्रान्झिस्टर असलेली सीए ३०४६ सारखी आयसी घ्यावी.

एक फसगत मात्र मीटर स्वतःहून सांगत नाही. १०० किलोओहमच्या जागी कोणी १० लाख ओहम लावले, तर ९ व्होल्टमधून त्यातून ९ मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त वाहूच शकत नाही. ट्रान्झिस्टर मग पूर्ण उघडून बसतो आणि कलेक्टरकडून जे मिळत नाही, त्यातलं बरंचसं बेसमधून ओढतो. आपण मोजतो आहोत एमिटरचा प्रवाह, त्यामुळे एमिटरखालच्या रेझिस्टरवरचा आकडा कलेक्टरच्या प्रवाहाइतका पडत नाही, आणि सर्किट नीट चाललं आहे असा भास होतो. म्हणून दर वेळी कलेक्टर आणि एमिटर यांच्यातलं व्होल्टेजही बघावं. ते ०.३ व्होल्टच्या खाली गेलेलं असेल, तर हा प्रवाहाचा स्रोत राहिलेला नाही.

कुठे अपुरं पडतं

साठ मिलिव्होल्टचा नियम जसा उपयोगी पडतो, तसा तो मर्यादाही घालतो. १ मिलिअँपिअरमधून १० मायक्रोअँपिअर काढायचे, तर १२० मिलिव्होल्ट आणि १२ किलोओहम लागतात. त्याच मिलिअँपिअरमधून १ मायक्रोअँपिअर हवा असेल, तर व्होल्टेज १८० मिलिव्होल्टच होतं, पण रेझिस्टर १८० किलोओहमचा लागतो. प्रवाह दहावा हिस्सा झाला आणि रेझिस्टर पंधरापट वाढला. नॅनोअँपिअरपर्यंत जायचं तर चिपवरच्या जागेचा जुना प्रश्न परत येतो. म्हणून एका पायरीत साधारण शंभरपटीपर्यंतच हे सर्किट किफायतशीर ठरतं.

दुसरी मर्यादा तापमानाची. समीकरणातलं २६ मिलिव्होल्ट हे मूल्य केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात बदलतं. चिप ७७ अंश सेल्सिअसला गेली, तर ते ३० मिलिव्होल्ट होतं. ३९ आणि ५ किलोओहमचे रेझिस्टर बदलले नाहीत असं धरलं, तर १९ चा प्रवाह सव्वाएकवीसपर्यंत चढतो. प्रत्यक्षात चिपवरच्या पट्ट्यांचा रोधही तापल्यावर वाढतो, त्यामुळे ही चढ बरीचशी खाल्ली जाते. पण ती अगदी शून्य व्हावी अशी तजवीज या सर्किटमध्ये नाही. ज्या ठिकाणी प्रवाह तापमानापासून पूर्ण अलिप्त हवा, तिथे हे सर्किट एकट्याने पुरत नाही.

हाच दोष पुढे वाइडलर यांनी कामाला लावला. दोन ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटर व्होल्टेजमधला फरक तापमानाबरोबर वाढतो, आणि तो किती वाढेल हे फक्त प्रवाहांच्या गुणोत्तरावर ठरतं. एकट्या ट्रान्झिस्टरचं व्होल्टेज मात्र तापमानाबरोबर घटतं. फरकाला योग्य आकड्याने गुणून तो एका बेस-एमिटर व्होल्टेजमध्ये मिळवला, तर वाढ आणि घट एकमेकांना खाऊन टाकतात आणि तापमानाने जवळजवळ न हलणारं सव्वा व्होल्टच्या आसपासचं व्होल्टेज हाती येतं. वाइडलर यांनी हे तत्त्व एलएम १०९ या पाच व्होल्टच्या रेग्युलेटरमध्ये वापरलं आणि १९७१ मध्ये त्याबद्दल लिहिलं. त्याला बँडगॅप रेफरन्स म्हणतात, आणि आजच्या बहुतेक व्होल्टेज रेग्युलेटरमध्ये आणि मोजमापाच्या चिपमध्ये त्याचं कुठलं ना कुठलं रूप असतं. रेझिस्टरवरचे ते ९५ मिलिव्होल्ट ज्या वजाबाकीतून आले, तीच वजाबाकी तिथेही आहे. फक्त ७४१ मध्ये तिच्यातून प्रवाह काढला होता, तिथे तापमान काढून तेच दुरुस्तीसाठी वापरलं.